रीटार्गेटिंगची कॅटलॉग जाहिरात: समई पाहिली त्याला घंगाळच का दिसतंय?

मृण्मयी_भांडीबाजार

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात भांडी बाजाराजवळ आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. सासरेबुवांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक दुकानावर येतंच. त्याच्या जोडीला वूकॉमर्सवर ऑनलाइन दुकान चालू केलं: समया, घंगाळी, ताम्हणं, पळी-पंचपात्र, रुखवताचे संच. मेटावर कॅटलॉग जोडून घेतला आणि साइटवर वस्तू बघून न घेता गेलेल्यांना तीच वस्तू फेसबुक-इन्स्टावर पुन्हा दिसेल अशी जाहिरात लावली. मुदत १४ दिवस. साइटचं आणि पिक्सेलचं, म्हणजे साइटवर कोण काय बघतंय ते मेटाला कळवणाऱ्या कोडचं, काम बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतलं होतं, तो आता फोन उचलत नाही.

अडचणी दोन. आमच्याकडे सर्वांत जास्त बघितली जाते ती समई, पण जाहिरातीत समई येतच नाही. माझ्या नणंदेने मुद्दाम समई आणि घंगाळ दोन्ही उघडून पाहिलं, तिला फक्त घंगाळ दिसतंय. मैत्रिणीने फक्त समई पाहिली, तिला काहीच दिसत नाही. आणि दुसरी, एका ताईंनी घंगाळ विकत घेतलं, घरी पोचलंसुद्धा, तरी त्यांना रोज तेच घंगाळ दिसतंय. त्यांनी फोन करून विचारलं, "अहो, माझे पैसे पोचले ना तुम्हाला?" ही गोष्ट मला फार लागली. गिऱ्हाइकाच्या मनात अशी शंका यायलाच नको.

कॅटलॉगमध्ये सगळ्या वस्तू आहेत, कुठलीही नाकारलेली नाही, पिक्सेलपुढे हिरवा दिवा आहे. मग बिघडलंय कुठे?

रानफूल

ताई, हे २०२१ पासून सगळ्यांचंच झालंय. आयफोनने परवानगी विचारायला सुरुवात केली तेव्हापासून पिक्सेल अर्धा आंधळा झाला. ब्राउझरवर विसंबून राहू नका, कन्व्हर्जन एपीआय लावा. इव्हेंट, म्हणजे वस्तू पाहिल्या-घेतल्याच्या नोंदी, ब्राउझरऐवजी सर्व्हरवरून गेले की दोन्ही प्रश्न सुटतील.

आबा_सिडको

मलाही हाच अनुभव आहे. परवा घरात आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होतो, संध्याकाळी मोबाइलवर टाकीची जाहिरात. फोन आपलं बोलणं ऐकतो का? यावर कुणी काही उपाय केला आहे का? माइक बंद केला तर थांबेल काय?

गोदाकाठचा

आबा, या धाग्यातल्या जाहिरातीला बोलणं लागत नाही. तुम्ही दुकानाच्या साइटवर एखाद्या वस्तूचं पान उघडलं की त्या पानातला पिक्सेल मेटाला कळवतो, "या ब्राउझरने अमुक क्रमांकाची वस्तू पाहिली." एवढ्यावर ती चालते. घरातल्या कुणीतरी टाकी शोधली असेल का, ते आधी विचारून बघा. तुम्हाला नको असेल तर जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून ती लपवता येते.

मृण्मयीताई, आता तुमच्याकडे. रानफूल म्हणतात ते तुमच्या दुसऱ्या अडचणीला कदाचित लागू पडेल, पहिलीला नाही. आयफोनमुळे काही माणसं निसटली असती तर समई आणि घंगाळ दोन्हीच्या बाबतीत सारखीच निसटली असती. तुमच्याकडे वस्तूगणिक फरक पडतोय. याचा अर्थ माणूस ओळखला जातोय, वस्तू ओळखली जात नाहीये.

एक प्रश्न. समई वेगवेगळ्या उंचीची आहे ना? एकाच पानावर १० इंच, १२ इंच असं निवडायचं? आणि घंगाळ एकाच मापाचं?

मृण्मयी_भांडीबाजार

हो! समई चार मापांत आहे. घंगाळ, ताम्हण एकेकच. हे तुम्ही कसं ओळखलंत?

गोदाकाठचा

लक्षणावरूनच. आता दोन ठिकाणी बघून इथे चिकटवा. एक, कॅटलॉगला जी फीड, म्हणजे वस्तूंच्या यादीची फाइल, जाते त्यातल्या समई आणि घंगाळाच्या ओळी. दोन, `Events Manager` मध्ये तुमच्या पिक्सेलचं `Test Events` उघडा, तिथून आपली साइट उघडून समईच्या पानावर जा, आणि आलेल्या `ViewContent` वर, म्हणजे वस्तू पाहिल्याच्या इव्हेंटवर, टिचकी मारून आत काय आहे ते बघा. हिरवा दिवा एवढंच सांगतो की इव्हेंट येतोय. त्यात लिहिलेला क्रमांक कॅटलॉगमध्ये सापडतो की नाही, हे तो सांगत नाही.

मृण्मयी_भांडीबाजार

फीडमधलं:

```
id,item_group_id,title,price,availability
4131,4127,पितळी समई 12 इंच,2450.00 INR,in stock
4132,4127,पितळी समई 15 इंच,3300.00 INR,in stock
3980,,तांब्याचं घंगाळ,5200.00 INR,in stock
```

समईच्या पानावरून गेलेलं:

```
content_ids: ['4127']
content_type: 'product'
```

घंगाळाच्या पानावरून `3980` आणि `product` जातंय.

गोदाकाठचा

सापडलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. घंगाळाचं पान म्हणतं, "३९८० नंबरची वस्तू पाहिली." कॅटलॉगमध्ये `id` च्या रकान्यात ३९८० आहे, जुळलं. समईचं पान म्हणतं, "४१२७ नंबरची वस्तू पाहिली." पण `id` च्या रकान्यात ४१२७ कुठेच नाही. तिथे ४१३१, ४१३२ अशी मापं आहेत. ४१२७ आहे तो `item_group_id` मध्ये, म्हणजे सगळ्या मापांच्या कुटुंबाचा नंबर. पिक्सेल कुटुंबाचा नंबर सांगतोय आणि वर "ही वस्तू आहे" असं म्हणतोय. मेटा वस्तूंच्या रकान्यात शोधतं, सापडत नाही, इव्हेंट वाया. नणंदेचं फक्त घंगाळ जुळलं, मैत्रिणीचं काहीच जुळलं नाही.

कॉमर्स मॅनेजरमध्ये कॅटलॉगखाली इव्हेंटचं पान आहे. तिथे गेलेल्या इव्हेंटपैकी किती कॅटलॉगशी जुळले ते दिसतं. तुमच्याकडे तो आकडा नक्कीच खाली असणार, कारण जास्त बघितली जाणारी वस्तूच जुळत नाहीये.

दुरुस्ती छोटी आहे. ज्या पानावर मापं निवडायची असतात तिथे क्रमांक तोच राहू द्या, फक्त प्रकार बदला:

```
fbq('track', 'ViewContent', {
  content_ids: ['4127'],
  content_type: 'product_group'
});
```

आता मेटा कुटुंबाच्या रकान्यात शोधेल आणि त्यातली एखादी समई दाखवेल. घंगाळासारख्या एकट्या वस्तूंना `product` च राहू द्या, नाहीतर आज जुळतंय तेही तुटेल.

फीडमधले क्रमांक बदलून जुळवून घ्यायचा मोह होतो, तो टाळा. `id` बदलला की कॅटलॉगच्या दृष्टीने ती नवी वस्तू. तिची तपासणी पुन्हा, मागचा इतिहास तुटला. पिक्सेलच्या बाजूने दुरुस्ती करा.

रानफूल

पण सर्व्हरवरून पाठवलं असतं तर हा घोळ झालाच नसता ना?

गोदाकाठचा

झाला असता, रानफूल. सर्व्हरवरूनही ४१२७ आणि `product` असंच गेलं असतं. रस्ता बदलला तरी पाकिटावरचा पत्ता चुकीचाच. आधी क्रमांक जुळवायचे, मग सर्व्हर जोडायचा. उलट्या क्रमाने केलं की दोन ठिकाणी दुरुस्ती करत बसावं लागतं.

मृण्मयी_भांडीबाजार

माझ्या चुलतभावाने बदल केला. `Test Events` मध्ये आता `product_group` दिसतंय. मैत्रिणीला दुसऱ्याच दिवशी समई दिसली, पण १८ इंची! तिने १२ इंची पाहिली होती. २४५० ची वस्तू पाहिलेल्या माणसाला एकदम मोठी रक्कम दिसली तर तो दचकेल की.

गोदाकाठचा

कुटुंबाचा नंबर दिला की त्यातलं कुठलं माप दाखवायचं ते मेटा ठरवतं. गिऱ्हाइकाने माप निवडलं असेल, तर त्या क्षणी मापाचा स्वतःचा नंबर वेगळा पाठवायचा. वूकॉमर्समध्ये माप निवडलं की `found_variation` नावाचा इव्हेंट पानात उठतो, त्याला हे जोडा:

```
jQuery('.variations_form').on('found_variation',
  function (e, v) {
    fbq('track', 'ViewContent', {
      content_ids: [String(v.variation_id)],
      content_type: 'product',
      value: v.display_price,
      currency: 'INR'
    });
  });
```

पान उघडलं की कुटुंब, माप निवडलं की वस्तू. कार्टमध्ये टाकताना आणि विकत घेताना मात्र नेहमी मापाचाच नंबर आणि `product`. तिथे गिऱ्हाइकाने नेमकं काय घेतलं ते आपल्याला ठाऊक असतं.

याने तंतोतंत तेच माप दिसेल याची हमी मी देत नाही. दोन्ही खुणा मेटाकडे जातात, निवड शेवटी त्यांची. पण बहुतेकदा फरक पडतो.

आणखी एक बघा. साइट जलद करायचं प्लगिन असेल आणि त्यात "स्क्रिप्ट उशिरा लोड करा" चालू असेल, तर माणसाने बोट लावेपर्यंत पिक्सेल जागाच होत नाही. पान नुसतं बघून गेलेला माणूस मग कुठेच नोंदला जात नाही. पिक्सेलला त्या यादीतून वगळा.

आणि दोन आठवडे धीर धरा. मागे चुकीच्या प्रकाराने गेलेले इव्हेंट आता दुरुस्त होत नाहीत. समई पाहिलेल्यांची यादी आजपासून भरायला लागेल.

येवलेकर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. मी येवल्याच्या हातमागाच्या पैठण्या ऑनलाइन विकतो. माझ्याकडे मापं नाहीत, पण प्रत्येक नग एकच. तो रंग, तो पदर, तो काठ पुन्हा तसाच निघत नाही. पैठणी सकाळी विकली जाते आणि रात्रीपर्यंत जाहिरातीत फिरत राहते. लोक जाहिरातीवरून येतात, "विकले गेले" वाचतात आणि नाराज होऊन जातात. त्या टिचकीचे पैसे तर माझे गेलेच. सध्या फीड दिवसातून एकदा पहाटे जाते.

गोदाकाठचा

म्हणजे सकाळी विकलेली पैठणी दुसऱ्या पहाटेपर्यंत कॅटलॉगमध्ये `in stock` च आहे. मेटा फीड दर तासालाही ओढून घेऊ शकतं, कॅटलॉगच्या डेटा सोर्समध्ये वेळापत्रक बदला. पण नीट बघा, तुमचं फीड प्लगिन ती फाइल किती वेळाने नव्याने लिहितं? मेटा तासाला येऊन कालचीच फाइल नेत असेल तर उपयोग शून्य. दोन्ही घड्याळं एकत्र लावावी लागतात. तासाभराचा उशीरही नको असेल तर नग विकला गेला की लगेच एपीआयने कळवणारं प्लगिन लागेल.

विकलेली पैठणी फीडमधून काढून टाकू नका, `out of stock` करा. जाहिरातीतून ती जातेच, पण ती पाहिलेल्या माणसांचा धागा कॅटलॉगमध्ये राहतो आणि त्यांना तुमच्या दुसऱ्या पैठण्या दाखवता येतात. एकेक नगाच्या धंद्यात खरी किंमत त्यालाच आहे. आणि पानावर "विकले गेले" च्या खाली त्याच रंगाच्या, त्याच काठाच्या चार पैठण्या ठेवा. टिचकीचे पैसे गेलेच आहेत, निदान माणूस तरी राहील.

येवलेकर

फाइल रात्री एकदाच लिहिली जाते, आत्ता बघितलं. आधी तेच बदलतो. धन्यवाद दादा.

मृण्मयी_भांडीबाजार

गोदाकाठचा, घंगाळ घेतलेल्या ताईंचं काय? त्यांचा फोन पुन्हा येऊन गेला.

गोदाकाठचा

त्यांनी पैसे कसे भरले ते सांगता का? आणि त्या ऑर्डरचा `Purchase`, म्हणजे खरेदीचा इव्हेंट, मेटाकडे गेला होता का?

मृण्मयी_भांडीबाजार

यूपीआयने. ऑर्डरच्या तारखेला `Purchase` दोनच दिसतायत, आणि वूकॉमर्समध्ये त्या दिवशीच्या ऑर्डरी पाच आहेत.

गोदाकाठचा

मग इथे रानफूल यांचा सल्ला लागू. `Purchase` पिक्सेल उठतो तो "धन्यवाद" पानावर. यूपीआयने देणारा माणूस ब्राउझरमधून पेमेंटच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, "पैसे गेले" ही खूण बघतो आणि फोन बाजूला ठेवतो. ब्राउझरकडे परत येतच नाही. पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो, म्हणून ऑर्डर वूकॉमर्समध्ये पक्की होते, पण धन्यवादाचं पान कुणी उघडलंच नाही. मेटाच्या लेखी ती बाई अजून "पाहिलं, घेतलं नाही" याच यादीत आहे.

उपाय म्हणजे ऑर्डरची स्थिती बदलली की सर्व्हरवरूनच `Purchase` पाठवायचा. ज्यांनी धन्यवादाचं पान पाहिलं त्यांचा मग दोनदा जाईल, एकदा ब्राउझरमधून, एकदा सर्व्हरवरून. दोन्हीकडे इव्हेंटचं नाव आणि `event_id` एकच ठेवा, ऑर्डर क्रमांक वापरला तरी चालतो. ४८ तासांच्या आत आलेली अशी जोडी मेटा एकच धरतं. हे राहून गेलं तर विक्री कागदावर फुगते आणि जाहिरात उगाच छान वाटायला लागते.

आणि जाहिरात संचात गेल्या १८० दिवसांत विकत घेतलेल्यांना वेगळं वगळा. घंगाळ कुणी दर महिन्याला घेत नाही.

एक तक्रार मात्र शिल्लक राहील. बायको तिच्या फोनवर समई बघते, ऑर्डर नवरा त्याच्या फोनवरून देतो. बायकोला जाहिरात दिसत राहणार. दोन माणसं, दोन खाती. याला माझ्याकडे इलाज नाही. मुदत १४ वरून ७ दिवस केली तर त्रास निम्मा होतो, एवढंच.

रानफूल

यूपीआयचं हे माहीत नव्हतं. माझ्याकडेही ऑर्डरी आणि `Purchase` यांत तफावत आहे, मी ती आयफोनच्या खात्यात टाकत होतो. कॅश ऑन डिलिव्हरीला मग काय करायचं? माझ्याकडे बरेच नग दारावरून परत येतात. ऑर्डर दिली तेव्हा `Purchase` पाठवायचा की माल पोचला तेव्हा?

गोदाकाठचा

यावर मी अजून ठाम नाही. ऑर्डर दिल्या दिवशी पाठवला तर माणूस जाहिरातीतून लगेच वगळला जातो, ते बरोबर आहे. पण परत आलेले नगही विक्रीत मोजले जातात, आणि मेटा परत करणाऱ्यांसारखी माणसं शोधत जातं. पोचल्यावर पाठवायचा म्हटलं तर सर्व्हर इव्हेंटची वेळ ७ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. नाशकातल्या आडगावच्या गिऱ्हाइकाला दोन दिवसांत पोचतं, ईशान्येला वेळ लागतो. मी सध्या ऑर्डरलाच पाठवतो आणि परतीचा हिशोब वहीत वेगळा ठेवतो.

हिशोबनीस

मी एका छोट्या दुकानाचे हिशोब बघतो, म्हणून एक मुद्दा मांडतो. या जाहिरातीचा परतावा कुणी खरोखर तपासला आहे का? समई बघून गेलेली बाई लग्नघरची असेल तर ती रुखवतासाठी समई घेणारच होती. तिला मधे जाहिरात दिसली म्हणून ती विक्री जाहिरातीच्या नावावर कशी लावायची? मेटा नेहमीच्या मांडणीत टिचकीनंतर ७ दिवस आणि नुसतं दिसल्यानंतर १ दिवस, अशा दोन्ही विक्री आपल्या खात्यात धरतं. दुसरा भाग मला पटत नाही. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही परताव्याच्या आकड्यात धरलेला नसतो. खात्यात जीएसटी क्रमांक टाकला असेल तर त्याचं क्रेडिट तरी घेता येतं.

शिवाय यादी किती लहान असते बघा. समजा दोन आठवड्यांत ७०० माणसांनी वस्तू पाहिल्या. दिवसाला ५०० रुपये लावले आणि हजार वेळा दाखवायला १२५ रुपये पडले, तर रोज ४,००० वेळा जाहिरात दिसेल. म्हणजे माणशी रोज जवळपास सहा वेळा. कोण सहन करील?

गोदाकाठचा

फ्रिक्वेन्सीचं गणित बरोबर आहे. मृण्मयीताई, तुमचं रोजचं बजेट किती?

मृण्मयी_भांडीबाजार

४०० रुपये. यादी साधारण तेवढीच, सात-आठशेची. हे मी कधी अशा नजरेने पाहिलंच नव्हतं.

गोदाकाठचा

१०० वर आणा. उरलेले पैसे नवीन माणसं साइटवर आणण्यावर लावा. यादी भरणारं वरून कुणी नसेल तर खालच्या जाहिरातीला काम काय? आठवड्याला फ्रिक्वेन्सीचा रकाना बघत जा. ती वाढतेय आणि टिचक्या घटतायत असं दिसलं की बजेट अजून कमी करा.

परताव्याबाबत हिशोबनीस यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. रिपोर्टमध्ये ॲट्रिब्युशनची, म्हणजे विक्री कशाच्या नावावर लावली त्याची, तुलना करायची सोय आहे, तिथे "टिचकीनंतर १ दिवस" हा रकाना शेजारी लावून बघा. परतावा आठपट दिसत होता तो तिथे तीनपट झाला, तर फरक बहुतांश नुसतं दिसण्याचा आणि उशिराच्या टिचक्यांचा आहे. पण नुसतं दिसण्याला काहीच किंमत नाही हे मला मान्य नाही. घंगाळासारखी पाच हजारांची वस्तू माणूस घरच्यांशी बोलून घेतो. जाहिरात बघतो, टिचकी मारत नाही, रात्री सरळ दुकानाचं नाव टाइप करून येतो.

हिशोबनीस

मग सिद्ध करून बघू. दोन आठवडे ही जाहिरात बंद, दोन आठवडे चालू, आणि मेटाचा रिपोर्ट न बघता वूकॉमर्समधल्या एकूण ऑर्डरी मोजायच्या.

गोदाकाठचा

करावं, पण दिवसाला चार-पाच ऑर्डरी असलेल्या दुकानात एखाद्या लग्नघराची मोठी ऑर्डर निकाल फिरवते. लग्नसराई आणि दिवाळीच्या तोंडावर तर हे करूच नये. मध्यंतरीच्या शांत महिन्यात, आणि दोन-तीनदा आलटून पालटून केलं तरच काही कळेल. त्यातही मोठी तफावत असेल तरच दिसेल, लहान फरक हाती लागणार नाही.

हिशोबनीस

जिल्ह्यांवरून विभागलं तर? नाशिक-नगरला चालू, पुणे-साताऱ्याला बंद.

गोदाकाठचा

नाशिकचा माणूस दुकानात येऊन घेतो, पुण्याचा येऊ शकत नाही. दोन्ही सारखे धरायचे कसे? पुण्याची तुलना संभाजीनगरशी केली तर जमेल कदाचित. कुणी करून पाहिलं असेल तर लिहा.

मृण्मयी_भांडीबाजार

ताजी खबर. सर्व्हरवरून `Purchase` सुरू केला, `event_id` ला ऑर्डर क्रमांक लावला. कालच्या ऑर्डरी सहा, `Purchase` सहा. जुळणाऱ्या इव्हेंटचा आकडा रोज चढतोय. घंगाळवाल्या ताईंचं नाव, मोबाइल आमच्याकडे बिलावर आहे. जुन्या यूपीआय ऑर्डरींतल्या अशा सगळ्यांची यादी करून वगळण्याच्या ऑडियन्समध्ये चढवावी का? की त्यांना न विचारता तसं करणं बरं नाही?

गोदाकाठचा

तांत्रिकदृष्ट्या होतं. नंबर तुमच्या ब्राउझरमध्येच हॅश होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, जातात. पण ऑर्डर घेताना तुमच्या गोपनीयतेच्या पानावर असं काही लिहिलं होतं का, ते आधी बघा. नसेल तर मी चढवणार नाही. १४ दिवसांत जुने सगळे तसेही यादीतून गळतील.

आबा_सिडको

मृण्मयीताई, त्या ताईंना तुम्हीच एक फोन करून सांगा की पैसे पोचले आहेत. आणि बारा इंची समईला कल्हई लागते का हो? आमच्याकडे जुनी आहे.

मृण्मयी_भांडीबाजार

फोन केला आबा, आजच. समईला कल्हई नको, चिंच-मिठाने घासून कोरडी पुसा. कल्हई स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांना, तीही आतून.